पैसा कुठून आला, कुठे गेला: नावे-जमेमागचा विचार

द्विनोंदी पद्धतीच्या हिशेबात कोणताही व्यवहार एका ठिकाणी लिहून संपत नाही. तो दोन खात्यांत लिहावा लागतो. एक खाते नावे होते, दुसरे जमा होते आणि दोन्हीकडे रक्कम तीच असते. खात्याच्या पानाचे दोन भाग केलेले असतात. डावीकडचा नावे बाजूचा, उजवीकडचा जमा बाजूचा. एवढी मांडणी कोणालाही चटकन कळते. अडचण येते ती पुढे. दुकानात रोख आली की रोख खाते नावे होते आणि दुकानाचे भाडे दिले की भाडे खातेही नावेच होते. पैसा येणे हवेसे, खर्च होणे नकोसे, तरी दोन्ही एकाच बाजूला. उत्पन्न मिळाले की जमा आणि डोक्यावर कर्ज चढले तरी जमाच.

पुस्तपालनाच्या वर्गात याचे उत्तर बहुधा तीन नियमांच्या रूपात मिळते. व्यक्तींच्या खात्यांत घेणारा नावे, देणारा जमा. वस्तूंच्या खात्यांत येणारी वस्तू नावे, जाणारी जमा. खर्च-उत्पन्नाच्या खात्यांत खर्च व तोटे नावे, उत्पन्न व नफा जमा. नियम बरोबर आहेत. पण हे तिन्ही असेच का, हे कळले नाही तर ते नुसते पाठ होतात, आणि परीक्षेनंतर विसरले की समोरची नोंद कशी करायची हे ठरवायला काहीच आधार उरत नाही. खरे म्हणजे तिन्हींच्या मुळाशी एकच विचार आहे.

तो असा. कोणत्याही व्यवहारात काहीतरी मूल्य एका ठिकाणाहून निघते आणि दुसऱ्या ठिकाणी पोचते. जिथून निघाले ते खाते जमा आणि जिथे पोचले ते खाते नावे. म्हणजे जमा बाजू ‘हे कुठून आले?’ या प्रश्नाचे उत्तर देते आणि नावे बाजू ‘हे कुठे गेले?’ या प्रश्नाचे. निघालेली रक्कम आणि पोचलेली रक्कम वेगळी असूच शकत नाही, म्हणून प्रत्येक नोंदीच्या दोन्ही बाजू सारख्या असतात. नावे म्हणजे वाईट आणि जमा म्हणजे चांगले, किंवा नावे म्हणजे अधिक आणि जमा म्हणजे वजा, असा अर्थ या शब्दांना हिशेबाच्या वहीत नाही.

याला एक पूर्वअट आहे आणि ती सुरुवातीलाच पक्की करावी लागते. वही व्यवसायाची असते, मालकाची नव्हे. दुकान एकट्याच्या मालकीचे असले आणि गल्ल्यातले पैसे त्याच्याच खिशातून आलेले असले, तरी हिशेबापुरते दुकान वेगळे आणि मालक वेगळा. मालकाने दुकानात पैसे घातले, तर दुकान त्याचे तेवढे देणे लागते. भांडवल हे खाते जमा बाजूला का असते, या प्रश्नाचे उत्तर इथेच आहे.

उधारीच्या वहीपासून सुरुवात

ही पद्धत इटलीतल्या व्यापारी शहरांत घडत गेली. जेनोआ शहराच्या कारभाऱ्यांच्या १३४० सालच्या वह्यांत ती पूर्ण रूपात दिसते. १४९४ साली व्हेनिसमध्ये लुका पाचोली या फ्रान्सिस्कन साधूने आपल्या गणितावरच्या मोठ्या ग्रंथात तिच्यावर एक प्रकरण छापले आणि तिथून ती युरोपभर पसरली. पाचोली गणिताचा शिक्षक होता. पद्धत त्याने शोधली नाही, व्हेनिसचे व्यापारी जे करत होते ते त्याने नीट मांडून सांगितले.

आरंभी या वह्यांत फक्त माणसांची खाती होती. परगावच्या व्यापाऱ्याला माल उधार दिला की त्याच्या पानावर ‘याने द्यायचे आहे’ असे लिहायचे. त्याने पैसे पाठवले की ‘याला मिळायचे आहे’ अशी नोंद करून ती पहिल्या रकमेसमोर मांडायची. पहिली नोंद म्हणजे नावे, दुसरी म्हणजे जमा. आपल्याकडे किराणा दुकानात ‘माझ्या नावावर लिहून ठेवा’ म्हणतात तो अगदी हाच अर्थ. इथवर कोणालाच शंका येत नाही. ज्याने आपल्याकडून घेतले तो नावे, ज्याने आपल्याला दिले तो जमा.

महत्त्वाचे पाऊल पडले ते पुढे. व्यापाऱ्यांनी हीच भाषा निर्जीव गोष्टींना लावली. गल्ल्यात पाचशे रुपये ठेवले, तर गल्ल्याने व्यवसायाकडून पाचशे घेतले. आता तो त्या पाचशेला जबाबदार आहे. जशी उधारी घेणाऱ्या माणसाची जबाबदारी, तशीच गल्ल्याची. म्हणून रोख आली की रोख खाते नावे. गल्ल्यातून पैसे काढले की गल्ल्याने परत दिले, म्हणून रोख खाते जमा. पहिल्या दोन नियमांतला फरक इथे पुसला जातो. ‘घेणारा नावे’ आणि ‘येणारी वस्तू नावे’ हे एकच वाक्य आहे. फक्त घेणारा कधी माणूस असतो, कधी तिजोरी, कधी गोदाम.

एका महिन्याचा हिशेब

एक झेरॉक्सचे दुकान घेऊ. मालकिणीने स्वतःच्या बचतीतले १,००,००० रुपये रोख घालून ते सुरू केले. पैसे कुठून आले? मालकिणीकडून. म्हणून भांडवल खाते जमा १,००,०००. कुठे गेले? गल्ल्यात. म्हणून रोख खाते नावे १,००,०००. मग पतसंस्थेकडून ६०,००० कर्ज काढले. कर्ज खाते जमा, रोख खाते नावे. दोन्ही नोंदींचा घाट एकच आहे, कारण दुकानाच्या दृष्टीने दोन्हीकडे बाहेरच्या कोणीतरी पैसे पुरवले आहेत. फरक एवढाच की पतसंस्थेचे पैसे ठरल्या तारखांना हप्त्याने फेडायचे आहेत आणि मालकिणीचे तसे नाहीत.

त्यानंतर ९०,००० रुपये रोख देऊन झेरॉक्सचे यंत्र घेतले. या वेळी पैसा बाहेरून आलाच नाही. तो गल्ल्यातून निघाला आणि यंत्रात जाऊन बसला. रोख खाते जमा, यंत्र खाते नावे. दुकानाजवळची एकूण मालमत्ता वाढली नाही आणि घटलीही नाही, तिचे फक्त रूप बदलले. नुसत्या रोजमेळात हा व्यवहार ‘९०,००० गेले’ एवढाच दिसला असता. दोन नोंदी केल्यामुळे ते कुठे गेले आणि आता कोणत्या रूपात शिल्लक आहेत, हेही वहीत राहते.

कागद उधारीवर घेतला, ८,००० रुपयांचा. महिनाअखेर तो सगळा संपला असे धरू, म्हणजे शिलकीचा गुंता नको. कागद घाऊक व्यापाऱ्याने पुरवला, म्हणून त्याचे खाते जमा. कागद दुकानाच्या कामात खर्ची पडला, म्हणून कागद खर्च खाते नावे. या व्यवहारात रोख रकमेला हातही लागलेला नाही, तरी नोंद पूर्ण आहे. पुढे महिन्याभरात त्या व्यापाऱ्याला ५,००० रोख दिले. पैसा गल्ल्यातून निघाला, रोख जमा. तो व्यापाऱ्याचे देणे फेडण्यात गेला, व्यापारी नावे. त्याच्या पानावर आता जमेला ८,००० आणि नावे ५,००० आहेत. बाकी ३,००० जमा, म्हणजे अजून तेवढे द्यायचे आहेत.

गिऱ्हाइकांकडून रोख २२,००० मिळाले आणि एका महाविद्यालयाचे ५,००० रुपयांचे काम उधारीवर झाले. ७,००० रुपये भाडे दिले. मालकिणीने घरखर्चासाठी ४,००० उचलले. या चार व्यवहारांतला प्रत्येक दुसरा भाग नवशिक्याला अडखळायला लावतो, म्हणून त्यांच्यापाशी जरा थांबायला हवे.

खर्च नावे का, उत्पन्न जमा का

गल्ल्यात २२,००० आले तेव्हा रोख खाते नावे, यात शंका नाही. पण जमा कोणाला करायचे? गिऱ्हाइकाला नाही, त्याने पैसे दिले, झेरॉक्स घेतल्या, त्याचा आणि दुकानाचा हिशेब तिथेच मिटला. दुकान आता त्याचे काही देणे लागत नाही. तरीही दुकानात पूर्वीपेक्षा २२,००० जास्त आहेत आणि ते कोणाचे तरी असले पाहिजेत. पतसंस्थेचे ते नाहीत, तिचे देणे पूर्वीइतकेच आहे. कागदवाल्याचेही नाहीत. राहता राहिली मालकीण. धंद्यातून जे उत्पन्न होते त्यावर शेवटी तिचाच हक्क असतो. म्हणजे खरे तर हे २२,००० थेट तिच्या भांडवल खात्यालाच जमा करता आले असते.

तसे केले जात नाही, याचे कारण व्यवहारातले आहे. प्रत्येक झेरॉक्सची रक्कम भांडवलाला जमा आणि प्रत्येक भाड्याची, कागदाची, विजेची रक्कम भांडवलाला नावे केली, तर वर्षअखेर भांडवल किती वाढले हे कळेल, पण ते कशामुळे वाढले किंवा घटले हे त्या एका पानाच्या गर्दीत हरवून जाईल. म्हणून भांडवलाच्या पोटात तात्पुरती खाती उघडतात. भांडवल वाढवणाऱ्या गोष्टींसाठी उत्पन्नाची खाती, घटवणाऱ्या गोष्टींसाठी खर्चाची. वर्ष संपले की त्यांच्या बाक्या नफा-तोटा खात्यात नेतात आणि तिथला नफा भांडवलाला जमा करतात. ती खाती मग कोरी होतात आणि नव्या वर्षी पुन्हा शून्यापासून भरू लागतात. रोख, यंत्र किंवा कर्ज या खात्यांचे असे होत नाही. त्यांची बाकी पुढच्या वर्षात ओढली जाते.

एवढे कळले की तिसरा नियम पाठ करायची गरज उरत नाही. भांडवल जमा बाजूला वाढते, म्हणून ते वाढवणारे उत्पन्न जमा. भांडवल घटल्याची नोंद नावे बाजूला होते, म्हणून ते घटवणारा खर्च नावे. भाडे दिले तेव्हा रोख जमा, कारण पैसा तिथून निघाला. भाडे नावे, कारण तो तिथे संपला. आता आरंभीच्या कोड्याचेही उत्तर मिळते. यंत्राचे खाते आणि भाड्याचे खाते दोन्ही नावे बाजूला असतात, कारण दोन्ही ‘पैसा कुठे गेला’ याची उत्तरे आहेत. यंत्रात गेलेला पैसा पुढेही उपयोगी पडणार आहे, भाड्यात गेलेला वापरून झाला आहे. दोन्हींमध्ये फरक काळाचा आहे. म्हणूनच यंत्र जसजसे झिजत जाते तसतशी त्याच्या किमतीतली थोडी थोडी रक्कम घसारा म्हणून यंत्र खात्याला जमा आणि घसारा खर्चाला नावे करतात. ती मालमत्तेतून खर्चात सरकते, पण राहते नावे बाजूलाच.

मालकिणीने उचललेले ४,००० हा मात्र खर्च नव्हे. ते पैसे दुकान चालवण्यासाठी गेले नाहीत. मालकिणीने आपल्या हक्कातला काही भाग परत घेतला. म्हणून उचल हे वेगळे खाते नावे होते आणि शेवटी नफ्यातून नव्हे, थेट भांडवलातून वजा होते. छोट्या दुकानांच्या हिशेबात सगळ्यांत जास्त गोंधळ इथे होतो. घरचा किराणा दुकानाच्या खर्चात लिहिला जातो आणि नफा आहे त्यापेक्षा कमी दिसू लागतो.

महाविद्यालयाच्या ५,००० रुपयांची नोंद आता सोपी आहे. उत्पन्न जमा, महाविद्यालय नावे. पैसे हातात पडायचे आहेत, पण काम झाले आहे आणि त्यांच्याकडून येणे आहे. ते पैसे पुढच्या महिन्यात येतील तेव्हा रोख नावे आणि महाविद्यालय जमा. त्या दिवशी उत्पन्न पुन्हा लिहायचे नाही. तसे लिहिले तर एकच कमाई दोनदा मोजली जाईल.

वजाबाकीऐवजी दुसरी बाजू

अधिक-वजाची चिन्हे वापरून एकाच स्तंभात हे सगळे का लिहीत नाहीत, असे कोणी विचारेल. ही पद्धत घडत होती त्या काळात युरोपातले हिशेबनीस ऋण संख्या वापरत नसत. रक्कम कमी करायची तर ती समोरच्या बाजूला लिहायची आणि शेवटी दोन्ही बाजूंच्या बेरजांमधला फरक काढायचा, हा त्यांचा मार्ग होता. आज ऋण संख्यांची भीती कोणाला नाही, तरी हा मार्ग टिकून आहे, कारण त्याचा फायदा वेगळाच आहे. झेरॉक्सच्या दुकानाच्या रोख खात्यात नावे बाजूची बेरीज १,८२,००० होते आणि जमा बाजूची १,०६,०००. शिल्लक ७६,००० आहे हे कळतेच, शिवाय महिन्याभरात किती आले आणि किती गेले या दोन्ही गोष्टी पुसल्या न जाता समोर राहतात. एका रांगेत अधिक-वजा करत गेले असते तर हातात फक्त शेवटचा आकडा उरला असता.

याच मांडणीतून प्रत्येक प्रकारच्या खात्याची स्वाभाविक बाजू ठरते. मालमत्ता आणि खर्च यांची बाकी नावे असते; देणी, भांडवल आणि उत्पन्न यांची जमा. खाते आपल्या स्वाभाविक बाजूला वाढते आणि समोरच्या बाजूला घटते. रोख खात्याला जमा बाकी येऊच शकत नाही, कारण गल्ल्यात होते त्याहून जास्त त्यातून काढता येत नाही. वहीत तशी बाकी दिसली तर एखादी आवक लिहायची राहिली आहे किंवा जावक दोनदा लिहिली गेली आहे, हे नक्की समजावे.

नावे डावीकडे आणि जमा उजवीकडे, हा मात्र निव्वळ संकेत आहे. आपल्याकडच्या जुन्या देशी नामा पद्धतीत, लाल पुठ्ठ्याच्या लांब वह्यांत, जमा डावीकडे आणि नावे उजवीकडे लिहीत. हिशेब त्यातही बिनचूक होत. बाजू कोणती ठेवायची हे ठरवण्यापेक्षा ती सगळीकडे एकच ठेवणे महत्त्वाचे. भारतातल्या लहान धंद्यांच्या ताळेबंदात देणी व भांडवल डावीकडे आणि मालमत्ता उजवीकडे छापतात, हे पाहूनही विद्यार्थी बुचकळ्यात पडतात. ताळेबंद हे खाते नाही. ते खात्यांच्या बाक्यांचे पत्रक आहे. त्यात डावे-उजवे म्हणजे नावे-जमा नव्हे.

बँकेचा संदेश उलटा का वाटतो

नवशिक्याच्या मनात सगळ्यांत खोल रुजलेला गैरसमज बँकेमुळे तयार होतो. पगार झाला की मोबाइलवर ‘खाते क्रेडिट झाले’ असा संदेश येतो, एटीएममधून पैसे काढले की ‘डेबिट झाले’. वर्षानुवर्षे हे वाचून जमा म्हणजे पैसा येणे आणि नावे म्हणजे पैसा जाणे, असे समीकरण डोक्यात बसते. मग पुस्तपालनाच्या पहिल्याच धड्यात रोख आली की रोख खाते नावे, असे वाचले की सगळेच उलटे वाटू लागते.

उलटे काही नाही. पासबुक ही खातेदाराची वही नव्हे, ती बँकेच्या वहीतल्या एका पानाची प्रत आहे. झेरॉक्सच्या मालकिणीने ५०,००० रुपये बँकेत भरले असे धरले, तर बँकेच्या दृष्टीने पैसा तिच्याकडून आला, म्हणून तिचे खाते जमा. तो बँकेच्या तिजोरीत गेला, म्हणून बँकेची रोख नावे. खातेदाराच्या ठेवी हे बँकेचे देणे असते. दुकानाच्या वहीत हाच व्यवहार दुसऱ्या टोकाकडून दिसतो. पैसा गल्ल्यातून निघाला, रोख जमा; तो बँकेकडे गेला, बँक नावे. दुकानाच्या वहीत बँक नावे आणि बँकेच्या वहीत दुकान जमा, अशा या दोन नोंदी एकमेकींना पूरक आहेत. एकाचे येणे ते दुसऱ्याचे देणे, म्हणून त्या आरशातल्यासारख्या उलट्या असायलाच हव्यात. बँकेतून कर्ज म्हणून जास्तीची उचल केलेली असेल, तर दुकानाच्या वहीत बँकेची बाकी जमा होते आणि पासबुकात ती नावे दिसते. तिथेही हेच तत्त्व लागू पडते.

महिनाअखेर दुकानाच्या वहीतले बँक खाते आणि पासबुक शेजारी ठेवून जुळवणी करतात, ती याच कारणाने शक्य होते. दिलेला पण अजून न वटलेला धनादेश, बँकेने परस्पर कापलेले शुल्क, आपल्याला न कळता जमा झालेले व्याज, एवढ्या फरकांनी दोन्ही बाक्या वेगळ्या दिसू शकतात. या कारणांनी फरक मिटला नाही तर दोहोंपैकी एका वहीत चूक आहे.

तेरीज जुळली, मग?

झेरॉक्सच्या दुकानातल्या सगळ्या खात्यांच्या बाक्या महिनाअखेर एका पत्रकात मांडल्या की तेरीज तयार होते. वरचे ५०,००० बँकेत भरल्याचे उदाहरण यात धरलेले नाही.

| खाते | नावे (रुपये) | जमा (रुपये) |
|---|---|---|
| रोख | ७६,००० | |
| यंत्र | ९०,००० | |
| महाविद्यालय (येणे) | ५,००० | |
| कागद खर्च | ८,००० | |
| भाडे | ७,००० | |
| उचल | ४,००० | |
| भांडवल | | १,००,००० |
| पतसंस्थेचे कर्ज | | ६०,००० |
| घाऊक व्यापारी (देणे) | | ३,००० |
| झेरॉक्सचे उत्पन्न | | २७,००० |
| एकूण | १,९०,००० | १,९०,००० |

प्रत्येक नोंद दोन्हीकडे सारखी केली असल्यामुळे बेरजा सारख्या येणे अटळ आहे. आता उत्पन्न २७,००० मधून कागद आणि भाड्याचे १५,००० वजा केले की नफा १२,०००. तो भांडवलात मिळवून उचल वजा केली की मालकिणीचा हक्क १,०८,००० होतो. त्यात कर्जाचे ६०,००० आणि व्यापाऱ्याचे ३,००० मिळवले की १,७१,०००. दुसरीकडे रोख, यंत्र आणि महाविद्यालयाकडचे येणे यांची बेरीजही १,७१,०००. यंत्राचा घसारा आणि कर्जावरचे व्याज इथे सोपेपणासाठी सोडले आहे. खऱ्या हिशेबात ते धरावे लागते आणि नफा त्यामुळे कमी होतो.

तेरीज जुळली नाही तर फरकाचा आकडाच चुकीचा माग दाखवतो, हे अनुभवी हिशेबनिसांना चांगले ठाऊक असते. व्यापाऱ्याला दिलेले ५,००० त्याच्या खात्यात नावे लिहायचे ते चुकून जमा बाजूला लिहिले, तर एक बाजू ५,००० ने कमी आणि दुसरी तेवढ्यानेच जास्त होते. फरक येतो १०,००० चा. म्हणून फरकाची निम्मी रक्कम कोणत्या नोंदीत आहे ते आधी शोधतात. दुसरी नेहमीची चूक आकडे उलटे पडण्याची. २,४५० च्या जागी २,५४० लिहिले तर फरक ९० येतो, आणि शेजारचे दोन अंक असे बदलले की फरकाला नेहमी ९ ने भाग जातो, कारण एक घर डावीकडे सरकलेला अंक दहापट होतो आणि त्याची मूळ किंमत वजा जाता नऊपट उरतो. फरकाला ९ ने भाग गेला म्हणजे चूक हीच आहे असे ठरत नाही, पण शोध कुठून सुरू करावा हे त्यावरून ठरवता येते. फरक एखाद्या नोंदीच्या रकमेइतकाच असेल तर त्या नोंदीची एक बाजू खतावणीत उतरवायची राहिली असावी. माग लागेपर्यंत फरकाची रक्कम निलंबन खात्यात ठेवतात.

पण तेरीज जुळणे म्हणजे हिशेब बरोबर असणे नव्हे. तेरीज फक्त एवढेच सांगते की जेवढे नावे लिहिले तेवढेच जमा लिहिले आहे. एखादा व्यवहार लिहायचाच राहिला तर तो दोन्ही बाजूंनी राहतो आणि बेरजा जुळतात. ७,००० च्या जागी दोन्हीकडे ७०० लिहिले तरी जुळतात. सर्वांत फसवी चूक म्हणजे योग्य बाजू पण चुकीचे खाते. समजा, यंत्राच्या दुरुस्तीवर ६,००० रुपये खर्च झाले आणि ते दुरुस्ती खर्चाऐवजी यंत्र खात्याला नावे टाकले. दोन्ही खाती नावे बाजूचीच, म्हणून तेरजेत काहीच दिसणार नाही. पण नफा ६,००० ने जास्त दिसेल, मालमत्ताही तेवढ्याने फुगेल, आणि वापरून संपलेला खर्च अजून शिल्लक आहे असे वही सांगत राहील. याच्या उलटही होते. खरे यंत्र खर्चात लिहिले की नफा खोटा घटतो. ही चूक पावत्या आणि नोंदी एकेक करून ताडून पाहिल्याशिवाय सापडत नाही. गल्ला मोजणे, पासबुकाशी जुळवणी करणे, ज्यांच्याकडून येणे आहे त्यांच्याकडून बाकी लेखी कबूल करून घेणे, अशा बाहेरच्या पुराव्यांशीच मग वहीतले आकडे भिडवावे लागतात.